पाटलीच्या अलीकडे

माझी नात न्यू जर्सीत जन्माला आली तेव्हा पुण्यात पहाटेचे साडेचार वाजले होते. सहा वाजेपर्यंत, म्हणजे आमचा दूधवाला यायच्या आत, माझ्या फोनमध्ये तिचे एकेचाळीस फोटो येऊन पडले होते. पाचवीच्या पूजेपर्यंत आकडा दोनशेच्या पुढे गेला आणि बारशाच्या दिवशी चारशे बारा झाला. माझे स्वतःचे जन्मापासून आजपर्यंतचे फोटो मोजले तर पासपोर्टचे धरूनही तेवढे भरणार नाहीत.

ही बाळंतपणासाठी महिनाभर आधीच तिकडे गेली होती. मी गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे इथे. अशात मुलीचा फोन आला, "बाबा, कार्डासाठी एक फोटो निवडून द्या ना. तुमचंच काम आहे ते."

कार्ड म्हणजे जन्माचं कार्ड. आपल्याकडे पेढे किंवा बर्फी वाटली की बातमी गावभर होते. अमेरिकेत बाळाचा फोटो, नाव, जन्माची तारीख-वेळ, वजन आणि लांबी छापलेलं कार्ड पोस्टाने पाठवायची रीत आहे. लांबीसुद्धा, हो. आमची नात वीस इंच भरली. ही मला फोनवर म्हणाली, "ब्लाउजपीस मोजल्यासारखं मोजलं हो तिला." वजन पौंड आणि औंसांत. सात पौंड तीन औंस म्हणजे सव्वातीन किलोच्या किंचित वर, हे मी कागदावर करून पाहिलं तेव्हा कुठे मला नात झाल्यासारखं वाटलं.

"तुमचंच काम आहे" हे मात्र खरं. मी एका साप्ताहिकात एकतीस वर्षं ले-आउट करत होतो. मंत्री, नट्या, उसाचे ट्रॅक्टर, सत्काराच्या शाली, सगळ्यांचे फोटो माझ्या टेबलावरून गेले. कुणाचा किती कापायचा आणि कुणाचा अजिबात कापायचा नाही, हे संपादकांपेक्षा मला जास्त कळायचं. पण त्या एकतीस वर्षांत फोटोतल्या माणसाची आजी कधी फोनवर येऊन बसली नव्हती.

पहिल्या बैठकीत मी तीनशे साठ फोटो उडवले. त्यात कौशल्य नव्हतं. एकाच जांभईचे अठरा, पाठमोरे बावीस, जावयाच्या अंगठ्यामागून दिसणारे पाच. आमच्या काळी फिल्मचा एक रोल छत्तीस फोटोंचा असायचा, म्हणून बोट दाबण्याआधी माणूस दोनदा विचार करायचा. आता विचार नंतर करायचा असतो, आणि तो पुण्यातल्या माणसाने.

उरले बावन्न. हे फोनच्या पडद्यावर सगळेच सुरेख दिसत होते आणि खरी फसगत इथेच होते. तळहाताएवढ्या पडद्यावर कुठलाही फोटो ठसठशीत दिसतो. म्हणून मी ते लॅपटॉपवर घेऊन पूर्ण मोठे केले आणि फक्त पापण्या पाहत गेलो. तान्ह्या बाळाच्या पापण्या म्हणजे विरळ, जेमतेम केस. त्या सुट्या सुट्या दिसल्या तर फोटो छापायला लायक. त्यांची एक करडी पट्टी झाली असेल तर तो फोनवरच बरा. पापण्या कशामुळे गेल्या तेही बघितलं की कळतं. पापणी पुसट पण दुपट्याची वीण लख्ख असेल, तर कॅमेऱ्याने बाळाला सोडून दुपट्यावर नजर धरली आहे. सगळ्याच कडा एका दिशेने दुहेरी झाल्या असतील, तर फोटोग्राफर किंवा मूल हललं आहे. आणि कडा ठीक पण गाल मेण फासल्यासारखे गुळगुळीत असतील, तर अंधारात काढलेल्या फोटोतला रवाळपणा फोनने स्वतःच्या अकलेने पुसून टाकला आहे. त्या पुसण्यात बाळाची लवही गेली. आमच्या नातीच्या कपाळावर आणि खांद्यांवर मऊ लव होती, ती काही आठवड्यांत झडते. एकदा झडली की फोटोतच उरते, म्हणून मेणाचे अकरा फोटो मी बिनदिक्कत काढून टाकले.

त्यातला एक हिचा लाडका निघाला.

तो हसरा फोटो होता. रात्री तीन वाजता, बाळ झोपेत, ओठाचा डावा कोपरा वर गेलेला. "सटवाई हसवतेय तिला," ही म्हणाली, "आणि तुम्ही तोच काढून टाकलात?" सटवाईबद्दल माझी तक्रार नाही. डॉक्टर सांगतात की पहिल्या आठवड्यांतलं हसू झोपेच्या एका विशिष्ट टप्प्यात आपोआप उमटतं, आणि आपल्याकडे बघून, ओळख दिल्यासारखं हसू सहा ते आठ आठवड्यांनी येतं. सटवाई काय किंवा तो टप्पा काय, दोघांचीही वेळ रात्रीची आणि मुक्काम एखाददुसऱ्या सेकंदाचा. खोलीत शून्याचा दिवा. तेवढ्या उजेडात फोनला चित्र गोळा करायला वेळ लागतो, आणि त्या वेळात हसू येऊन गेलेलंही असतं. फोटोत उरतो तो ओठाच्या जागी एक सरकलेला डाग. मला तो हसू वाटत नव्हता. हिला वाटत होता, कारण ही तिथे होती. फोटो निवडताना हा घोळ नेहमीचा. आमच्याकडे बातमीदार स्वतः काढून आणलेल्या फोटोबद्दल असाच भांडायचा. त्याला त्यात सभा दिसायची, आम्हाला मंडपाचा खांब.

बरं, हसू नाही तर दुसरा कोणता भाव? पंधरा दिवसांच्या बाळाचे भाव हा एक स्वतंत्र विषय आहे. जागेपणी डोळे उघडे मिळाले, तर दोन्ही बुबुळं एकमेकांशी बोलत नसल्यासारखी. पहिले काही आठवडे असं अधूनमधून होतं, त्यात काळजीचं काही नाही. पण कार्डावर ते शंभर घरांत जाणार आणि नव्वद घरांत कुणीतरी हळूच "जरा तिरळी वाटते नाही?" म्हणणार. तान्ह्या बाळांना जरा दूरचं धड दिसत नाही, वीतभर अंतरावरचा चेहरा तेवढा नीट दिसतो. म्हणून फोन हातभर लांब धरून "इकडे बघ, इकडे बघ" करणाऱ्या जावयाकडे ती ज्या नजरेने बघत होती ती विचारमग्न वगैरे नव्हती. तिला समोर फक्त एक आवाज करणारा ठिपका दिसत होता. तिची नजर स्थिर झालेले फोटो सगळे अशा वेळचे, जेव्हा कुणाचा तरी चेहरा तिच्या अगदी जवळ होता. हे ध्यानात आल्यावर निवड सोपी झाली. कॅमेऱ्याकडे बघणारे फोटो बाजूला ठेवायचे आणि माणसाकडे बघणारे घ्यायचे.

रंगाचं प्रकरण मध्येच उपटलं. माझ्या बहिणीने ग्रुपवर एक फोटो पाहून विचारलं, "कावीळ आहे का गं बाळाला?" तिकडे धावपळ. मी म्हटलं, चादर बघा. चादर पांढरी म्हणून विकत घेतलेली आहे आणि फोटोत तीही पिवळी आहे, तर दोष दिव्याचा. चादर पांढरी आणि बाळ पिवळं असं असतं तर मी छापखान्याला नाही, डॉक्टरांना फोन करायला सांगितलं असतं. गुलाबी दुपट्यावरचा फोटो घ्या, त्यात हनुवटीखाली गुलाबी झाक पडते आणि बाळ खालून तापल्यासारखं दिसतं. मुलीने तोडगा काढला, सगळं काळं-पांढरं करून टाकू. उपाय वाईट नव्हता. बाळाच्या अंगावर लाल चट्टे येतात, कातडी सोलवटते, ते त्यात बरंच झाकलं जातं. पण मागून हिचा आवाज आला, "पहिलाच फोटो काळा-पांढरा? श्राद्धाला मांडायचाय का?" तोडगा तिथेच मिटला.

राहिले सात. आता कापाकापी.

माझ्या टेबलाच्या खणात काळ्या पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या अजून आहेत. काटकोनात कापलेल्या, इंग्रजी एल अक्षरासारख्या. एक उलटी करून दुसरीवर ठेवली की चौकट होते, आणि सरकवाल तशी ती लहान-मोठी, आडवी-उभी होते. ब्रोमाइडच्या प्रिंटवर या पट्ट्या सरकवून कुठे कापायचं ते ठरवायचं, मग वर बटर पेपर चिकटवून पेन्सिलीने खूण करायची, असं आमचं काम चाले. संगणकावर ही सोय एका बोटावर असते हे मला माहीत आहे. तरी मी पट्ट्या लॅपटॉपच्या पडद्यावर धरल्या. शेजारच्या मुलाने ते दारातून पाहिलं आणि न बोलता घरी गेला.

कार्ड पाच बाय सात इंचांचं. फोनचा फोटो तीनास चार या प्रमाणात असतो, कार्ड पाचास सात. दोन्ही आयतच, पण एकाच मापाचे नाहीत, तेव्हा थोडं जातंच. उभ्या फोटोच्या दोन्ही बाजूंनी एकेक बारीक चिरफळी निघते, त्याचं दुःख नाही. दुःख पुढचं. छापखाना कार्डापेक्षा चारही बाजूंनी एक अष्टमांश इंच जास्त चित्र मागतो, कारण गठ्ठा कापताना सुरी केसभर इकडेतिकडे होते आणि काठावर कागदाची पांढरी रेघ दिसू नये. तेवढं चित्र कापून फेकायचंच म्हणून द्यायचं असतं. आणि काठाच्या आतलं तेवढंच अंतर भरवशाचं नसतं, तिथे नाव किंवा बाळाचं बोट ठेवायचं नाही. म्हणजे पडद्यावर चौकटीत घट्ट बसवलेला गोड चेहरा कार्डावर कानाला चटका लागल्यासारखा काठाला टेकतो. डोक्याच्या वर हवा हवी. दोन बोटं तरी.

मुलीला आवडलेला फोटो इथे पडला. तो जावयाच्या मित्राने चांगल्या कॅमेऱ्याने काढला होता, पापणी न् पापणी मोजून घ्या. पण त्याने मुळातच इतक्या जवळून काढला होता की टाळू फोटोच्या वरच्या कडेला आणि हनुवटी खालच्या. फोटोग्राफरने सोडलेली जागा मला कापता येते, न सोडलेली जागा मी कुठून आणू? मुलगी म्हणाली, मग चौकोनी कार्ड करू. जावयाने शोधून सांगितलं की तिकडे चौकोनी पाकिटाला पोस्टाचं जास्तीचं तिकीट लागतं, कारण ते त्यांच्या यंत्रातून नीट जात नाही. शंभर पाकिटं. चौकोनही गेला.

शेवटी हाताशी आला तो एक फोटो, ज्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. आडवा. सकाळी खिडकीशेजारी काढलेला. उजेड एका बाजूने, मऊ, चादर पांढरी म्हणजे पांढरीच. बाळ डाव्या अंगाला, मान किंचित वळवून वर बघतंय. बघतंय कुणाकडे ते फोटोत नाही. उजवीकडून एक हात आत आला आहे, आणि त्या हाताची तर्जनी बाळाने मुठीत गच्च धरली आहे. हात हिचा. नखं हळदीने पिवळी, मनगटात हिरव्या बांगड्या आणि त्यांच्या मागे पाटली.

तान्ही मुलं तळहाताला लागलेलं काहीही धरतात, बोट असो की नळी. त्यात मायेचा संबंध नाही, हे मला पुस्तकाने सांगितलं होतं. पण फोटोत धरलेलं दिसतं ते बोटच.

मुलीचा पहिला प्रश्न, "आईचा हात कापता येईल का?" मी पट्ट्या सरकवून पाहिल्या. बोटापाशी कापलं तर बाळाच्या हातात कुणीतरी विसरलेलं बोट. मनगटावर कापलं तर भुताचा पंजा. सांध्यावर कधी कापायचं नाही, ना मनगटावर, ना घोट्यावर, ना गुडघ्यावर. तिथे कापलेला अवयव तुटल्यासारखा दिसतो. दोन सांध्यांच्या मधे कापला तर बघणारा तो मनातल्या मनात पुढे काढून घेतो. आमच्याकडे एका नव्या मुलाने एका पैलवानाला दोन्ही गुडघ्यांवर कापलं होतं. अंक बाजारात गेल्यावर पैलवानाचे वस्ताद ऑफिसात आले होते.

तेव्हा हात राहणार, आणि मनगटाच्या मागे बराच राहणार. पण किती? हिरव्या बांगड्या आल्या की मनगट संपतं आणि हात वाहता दिसायला लागतो. त्याच्या मागे पाटली, आणि पाटलीला चिकटूनच मागच्या टेबलावर दूध काढायच्या पंपाची नळी आणि त्याची लाल बत्ती. पाटली घेतली की नळी आली. मी बराच वेळ पट्टी मिलिमीटरने पुढे-मागे करत बसलो. मग पाटलीच्या अलीकडे ठेवली. डाव्या बाजूला डायपरच्या पुड्याची ठळक अक्षरं होती, तीही बाहेर घालवली. वर चादरीचा मोकळा पांढरा पट्टा आपोआप मिळाला, तिथे नाव आणि ते पौंड-औंस सुखाने बसणार होते. पट्ट्यापट्ट्यांच्या दुपट्यावर अक्षरं टाकून ती वाचायला डोळे फोडत बसण्यापेक्षा हे बरं.

राहिला हिशेब. मूळ फोटो चार हजार बत्तीस पिक्सेल रुंद. माझ्या चौकटीत त्यातले 2900 उरत होते. कार्डाची काटछाटीसकट रुंदी सव्वासात इंच, म्हणजे इंचाला 400. छापायला 300 असले की पुरे, आपण चैनीत. पण मी चौकट आखली होती ती व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या प्रतीवर. तिकडून येताना तो फोटो सोळाशे पिक्सेलचा झाला होता. त्याच चौकटीला इंचाला जेमतेम 160 आले असते. पापण्यांची पुन्हा करडी पट्टी, आणि तीही आता छापील. मी जावयाला फोन केला. "फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा." त्यांनी नम्रपणे तोच फोटो पुन्हा फोटो म्हणून पाठवला. तिसऱ्या खेपेला मूळ आला. सहा एमबीचा, तासाभराने उतरवून घेतलेला, आणि उघडल्यावर पहिल्यांदा मला बाळाच्या अंगठ्याचं नख दिसलं. साबुदाण्याएवढंही नव्हतं.

चौकट ठरली, मजकूर बसला, कार्ड छापणाऱ्यांकडे गेलं. दोन दिवसांनी त्यांचा नमुना आला आणि सोबत सौजन्याची एक ओळ. बाळाच्या गालावर एक काळा डाग दिसतो आहे, तो विनामूल्य काढून देऊ का?

फोनवर ही काही क्षण गप्प होती. मग म्हणाली, "त्यांना सांगा, तो मुद्दाम लावलाय." जावयाने तिथल्या माणसाला तीट समजावून सांगायचा प्रयत्न केला. नजर लागते, म्हणून चेहऱ्यात एक खोट ठेवायची. पलीकडून उत्तर आलं, समजलं, डाग ठेवतो. माझ्या एकतीस वर्षांत मुद्दाम ठेवलेली खोट मी पहिल्यांदाच छापायला पाठवली.

ही परत आली तेव्हा कार्डं टपालाने तिच्या आधी पोचली होती. सामान उतरवायच्या आत मी एक तिच्या हातात दिलं. तिने चष्मा लावला, बाळ पाहिलं, तीट पाहिली, स्वतःचा हात पाहिला.

"पाटली कापलीत."

मी नळीचं सांगितलं. लाल बत्तीचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. "दोन तोळ्यांची आहे. वन्सं आता महिनाभर विचारणार, मोडलीत का म्हणून."

मी खणातून भिंग काढलं. सुरी केसभर सरकली होती, आणि कार्डाच्या उजव्या काठावर, हिरव्या बांगडीच्या मागे, सोन्याची एक हलकी रेघ राहून गेली होती. ले-आउटच्या दृष्टीने ही चूकच. काठावर असा धागा राहिला की आमचे संपादक अख्खं पान परत पाठवायचे. मी भिंग त्या जागी धरून हिला बोलावलं.

तिने वाकून बघितलं. "दिसतेय," म्हणाली. "पण वन्सं भिंग घेऊन बघतात का?"